आतला आकडा

समरीतला आकडा आणि त्यावर क्लिक केल्यावर उघडणारा तपशील यांत फरक निघाला तर तपशील खरा धरायचा, असं मी बरीच वर्षं मानत आलो. समरी म्हणजे शेवटी बेरीज. तिच्यात कुणी काही गाळलेलं असू शकतं, वगळलेलं असू शकतं. तपशिलात मात्र एकेक नोंद डोळ्यांसमोर असते, तारखेसह, मशीनच्या नंबरासह, ऑपरेटरच्या नावासह. ती खोटी कशी ठरेल? ही समजूत मी कधी तपासून पाहिली नाही. तिच्यापायी एका सरळ माणसाला लेखी खुलासा द्यावा लागला, आणि तो द्यायला लावणाऱ्यांत मी होतो.

दुसरी एक समजूत याहून वाईट होती, तीही सांगून टाकतो. शॉपफ्लोअरवरून कुणी ‘रिपोर्ट चुकतोय’ म्हणालं की माझ्या मनात पहिलं उत्तर तयार असायचं: यांनी तारीख चुकीची टाकली असेल, नाहीतर आकडा लपवायचा असेल. हे मी कधी तोंडाने बोललो नाही. पण तक्रार ऐकताना माझा चेहरा ते बोलत असणार.

मी वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत रिपोर्ट बनवतो. कंपनी ॲल्युमिनियमची कास्टिंग बाहेरून घेते, त्यांचं मशीनिंग करते आणि गाड्यांच्या कारखान्यांना पुरवते. मशीनिंग चालू असताना कास्टिंगच्या पोटातून हवेची पोकळी उघडी पडते, तिला ब्लोहोल म्हणतात. पोकळी सील करून घेण्यासारखी असेल तर तो नग रिवर्कला जातो, नसेल तर स्क्रॅप. तिन्ही शिफ्टमध्ये हे रोज घडतं. सुपरवायझर सिस्टीममध्ये नोंद टाकतो आणि महिना संपला की रिव्ह्यू मीटिंगमध्ये माझा रिपोर्ट भिंतीवर लागतो.

रिपोर्टची रचना साधी आहे. वर निवडायच्या चौकटी: तारीख कुठून कुठवर, शिफ्ट कुठली, आणि निकाल काय, म्हणजे स्क्रॅप की रिवर्क. खाली रिजेक्शनच्या प्रत्येक कारणाला एक ओळ आणि तिच्यासमोर नगांचा आकडा. आकड्यावर क्लिक केलं की दुसरा रिपोर्ट उघडतो आणि त्या आकड्यामागच्या नोंदी दाखवतो. आमच्याकडे या दुसऱ्या रिपोर्टला सगळे ‘आतला’ म्हणतात.

मार्चच्या रिव्ह्यूत प्लँट हेडनी सेकंड शिफ्ट आणि स्क्रॅप निवडलं. ब्लोहोलसमोर 27 आले. त्यांनी 27 वर क्लिक केलं. आतला उघडला आणि तळाशी एकूण 131. खोलीत सगळे सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरांकडे बघायला लागले. ते म्हणाले, “साहेब, 27च आहेत. या यादीतले कितीतरी ऑपरेटर त्या दिवशी माझ्याकडे नव्हतेच.” ऑपरेटरच्या शिफ्ट दर आठवड्याला फिरतात, त्यामुळे हे म्हणणं तिथल्या तिथे ताडून बघता येईना. आतल्या रिपोर्टमध्ये शिफ्टचा कॉलमच नव्हता. पान ए-फोरच्या रुंदीत बसत नाही म्हणून तो मीच काढून टाकला होता. प्लँट हेडनी मला विचारलं, खरा आकडा कुठला? मी म्हणालो, “आतल्यात एकेक एंट्री आहे साहेब, आतला बरोबर असणार.”

या वाक्याबद्दल मला आजही लाज वाटते. मला माहीत नव्हतं, तरी मी माहीत असल्यासारखं बोललो. ‘बघून सांगतो’ एवढं म्हणणं पुरेसं होतं. बाकीचे 104 नग समरीतून का गळले, याचा खुलासा सुपरवायझरांकडून लेखी मागवला गेला.

ते माझ्यासारखेच पुंडलिकनगरात राहतात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या मागे. वयाने माझ्यापेक्षा मोठे. रस्त्यात भेटलो की नमस्कार व्हायचा, याहून जास्त ओळख नव्हती. त्या आठवड्यात ते संध्याकाळी घरी आले. पाण्याचा दिवस होता, गल्लीत घरोघरी मोटारी चालू होत्या आणि आम्हाला जरा मोठ्यानेच बोलावं लागत होतं. खिशातून त्यांनी एक छोटी डायरी काढली. पानांच्या कडा तेलाने काळ्या पडलेल्या. शिफ्ट संपताना लाल पेटीतले नग ते स्वतः मोजायचे आणि तारखेपुढे लिहायचे: ब्लोहोल 2, डेंट 1, साइज आउट 3. मार्चच्या ब्लोहोलची बेरीज त्यांनी शेवटच्या पानावर केली होती. स्क्रॅप 27, रिवर्क 11.

मी डायरी पाहिली आणि तरीही मनात म्हणालो, डायरी काय, घरी बसूनही लिहिता येते. इतकं ते मुरलेलं होतं. पण माणूस दारात आलेला, म्हणून लॅपटॉप उघडला आणि कंपनीच्या सर्व्हरला जोडला.

त्यांनी काही वाद घातला नाही. म्हणाले, “सेकंड राहू द्या साहेब. फर्स्ट घ्या.” मी फर्स्ट शिफ्ट, स्क्रॅप निवडलं. समरीत 38. क्लिक केलं. आत 131. “आता थर्ड घ्या.” समरीत 31. आत 131. ते माझ्याकडे बघत होते. “शिफ्ट कुठलीही घ्या, आत 131च. मग ते माझे कसे?”

मी काही वेळ नुसता बसून राहिलो. आकडे चुकतात हे मला नवीन नव्हतं. चुकण्याच्या तऱ्हाही माहीत होत्या. थर्ड शिफ्ट मध्यरात्र ओलांडते, म्हणून तिच्या काही नोंदी दुसऱ्या तारखेला पडतात. एका नोंदीला दोन दोष लावलेले असले तर ती यादीत दोनदा मोजली जाते. असल्या चुकीत फरक कधी चारचा असतो, कधी नऊचा. शिफ्ट बदलली की तोही बदलतो. इथे वरचा आकडा हलत होता आणि आतला जागचा हलत नव्हता. याचा अर्थ एकच होता. मी वर काय निवडतोय ते आतल्या रिपोर्टला कळतच नव्हतं. मग मी वर तिन्ही शिफ्ट निवडल्या आणि स्क्रॅप-रिवर्क दोन्ही घेतलं. समरीत 131, आत 131. जुळलं.

तिथे मला दुसरी गोष्ट दिसली, आणि ती जास्त लागली. हा रिपोर्ट मी स्वतः तपासून दिला होता. तपासताना मी तो उघडायचो, वरच्या चौकटींना हात न लावता आकड्यावर क्लिक करायचो आणि आकडा जुळला की पुढे जायचो. चौकटींत उघडतानाच ‘सगळं’ निवडलेलं असतं. म्हणजे जिथे तो जुळणारच होता, तेवढ्याच एका जागी मी तो तपासला होता. आणि ज्यांना रोज एक शिफ्ट, एक निकाल बघावा लागतो त्यांना मी सांगत होतो की तारीख नीट टाका.

कारण सापडायला मग वेळ लागला नाही. आमचे रिपोर्ट एसएसआरएसमध्ये आहेत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेसमध्ये. त्यात एका रिपोर्टमधून दुसरा उघडायचा तर आकड्याच्या चौकटीच्या गुणधर्मांत `Action` मध्ये जाऊन `Go to report` निवडायचं आणि दुसऱ्या रिपोर्टला कोणती माहिती पाठवायची त्याची यादी हाताने भरायची. ही यादी आपोआप भरत नाही. वर दहा चौकटी असल्या तरी जेवढ्या तुम्ही लिहिल्या तेवढ्याच पुढे जातात. माझ्या यादीत तीन ओळी होत्या:

```
FromDate     =Parameters!FromDate.Value
ToDate       =Parameters!ToDate.Value
ReasonCode   =Fields!ReasonCode.Value
```

शिफ्ट नाही, निकाल नाही. हे कसं झालं तेही मला आठवलं. रिपोर्ट पहिल्यांदा केला तेव्हा वर फक्त तारखा होत्या, आणि त्या वेळी ही यादी पूर्ण होती. पुढे क्वालिटीवाल्यांनी शिफ्ट मागितली, मी समरीत टाकली. मग स्क्रॅप आणि रिवर्क वेगळं मागितलं, तेही टाकलं. आतल्या रिपोर्टमध्येही दोन्ही चौकटी डिफॉल्टसह घातल्या, कारण काही जण तो सरळही उघडतात. दोघांच्या मधली लिंक मात्र जुनीच राहिली. ती कुणी मागितलेली नव्हती, म्हणून तिच्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

माहिती पाठवलीच नाही तर आतला रिपोर्ट अडायला हवा होता की नाही? अडला असता, पण मीच त्याला न अडण्याची सोय करून ठेवली होती. एसएसआरएसमध्ये एखाद्या चौकटीला डिफॉल्ट दिलेला नसेल आणि बाहेरूनही काही आलं नाही, तर रिपोर्ट थांबतो आणि विचारतो. डिफॉल्ट असेल तर तो मुकाट्याने वापरतो. पोराला ‘जुनी तूर, अर्धा किलो’ सांगून किराणा दुकानात पाठवावं, त्याने तिथे नुसतं ‘तूर’ म्हणावं आणि दुकानदाराने नेहमीची पुडी बांधून द्यावी, तसं चाललं होतं. माझ्या डिफॉल्टमध्ये तिन्ही शिफ्ट होत्या आणि दोन्ही निकाल होते. वर कहर म्हणजे आतल्या रिपोर्टच्या या चौकटी मी `Hidden` करून ठेवल्या होत्या, स्क्रीन स्वच्छ दिसावा म्हणून. त्यामुळे 131 कुणाचे, हे बघणाऱ्याला कळायला काही मार्गच नव्हता. सुपरवायझरांनी नेमकं हेच विचारलं, “मी वर सेकंड निवडलंय, ते आत कुठे लिहिलंय?” कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी त्यांच्यासमोरच दुरुस्ती केली. शिफ्ट आणि निकाल यांच्या ओळी लिहिताना त्या खिडकीतल्या नावांवर डबल क्लिक केलं, ओळी आपोआप आल्या. सेकंड, स्क्रॅप: वर 27, आत 27. मला हायसं वाटलं. त्यांनी डायरी खिशात ठेवली नाही. “फर्स्ट आणि सेकंड दोन्ही घेऊन बघा ना एकदा,” म्हणाले. घेतलं. समरीत 65, बरोबर, 38 आणि 27. आत 38.

मघाशी आतला आकडा जास्त येत होता, आता कमी. ज्या चौकटीत एकापेक्षा जास्त गोष्टी निवडता येतात, तिच्यावर डबल क्लिक केलं की ते अवजार शेवटी एक शून्य जोडून देतं, आणि त्या शून्याचा अर्थ ‘निवडलेल्यांपैकी फक्त पहिली’:

```
Shift   =Parameters!Shift.Value(0)
Shift   =Parameters!Shift.Value
```

वरची ओळ चुकीची, खालची बरोबर. दोन्ही ओळींतला शून्य कंसासह काढला आणि आत 65 आले. एकच शिफ्ट निवडणाऱ्याला वरच्या ओळीने कधीच त्रास दिला नसता. मी पुन्हा एकदा एकाच जागी बघून समाधानी झालो होतो, तेही पहिली चूक कळून काही मिनिटं झाली असताना. दुसऱ्यांदा मला थांबवणारा माणूस तोच होता, ज्याला रिपोर्ट नीट वाचता येत नाही असं मी धरून चाललो होतो.

हे फक्त आमच्या अवजाराचं नाही, हे मी नंतर पडताळून पाहिलं. पॉवर बीआयमध्ये तपशिलाच्या पानावर `Keep all filters` नावाचं बटण असतं. ते बंद असेल तर ज्या गोष्टीवर क्लिक केलं तेवढीच पुढे जाते आणि पानावर लावलेले बाकीचे फिल्टर मागे राहतात. मे 2018 च्या आधीच्या आवृत्त्यांत हे बटणच नव्हतं, तेव्हा पॉवर बीआय ते कायम बंद असल्यासारखंच वागायचं. आमची दुसरी टीम पॉवर बीआय वापरते. मी त्यांच्या दोन पानांवर हेच करून बघितलं: वर एक फिल्टर बदलायचा, क्लिक करायचं, आतला आकडा हलतो का बघायचं; मग तो परत ‘सगळं’ करून पुढचा. एका पानावर बटण बंद निघालं. आजवर तिथे कुणी तक्रार केली नव्हती. का केली नसेल, याचा विचार मला आता अस्वस्थ करतो. तक्रार केल्यावर काय ऐकावं लागतं, हे लोकांना आमच्यासारख्यांनीच शिकवलेलं असतं.

आता मी काही गोष्टी वेगळ्या करतो. आतल्या रिपोर्टच्या डोक्यावर, नावाच्या लगेच खाली, काय निवडलंय ते छापून येतं. शिफ्टसाठी ही एवढीशी ओळ पुरते:

```
=Join(Parameters!Shift.Label, ", ")
```

शिफ्टचा कॉलम परत आणला, पान आडवं केलं. आणि लिंकने उघडणाऱ्या रिपोर्टमधले डिफॉल्ट काढून टाकले, लपवलेल्या चौकटी पुन्हा दिसत्या केल्या. लिंक काही विसरली तर तो आता थांबतो आणि विचारतो. त्या बदल्यात, सरळ उघडणाऱ्यांना प्रत्येक चौकट दर वेळी भरावी लागते, आणि त्यांची तक्रार खरी आहे. त्यांच्यासाठी मी डिफॉल्टसह वेगळी प्रत केली. दोन प्रती सांभाळणं हे जास्तीचं काम आहे, आणि उद्या एकीत बदल करून दुसरी विसरण्याची भीती आहेच. याहून चांगला मार्ग मला अजून मिळालेला नाही.

आणखी एक केलं. ज्या आकड्यावर क्लिक झालं, तो आकडाही लिंकसोबत आत पाठवतो. आतली बेरीज त्याच्याशी जुळली नाही तर तळाशी लाल अक्षरांत ओळ येते: ‘समरीत 27, येथे 131’. शेजारी रिपोर्ट कितीला चालला ती वेळही छापतो. कारण समरी उघडून तासाभराने क्लिक केलं तर मधल्या वेळात नवीन नोंदी आलेल्या असू शकतात, आणि तो फरक खोटा नसतो. हे लाल अक्षर चूक दुरुस्त करत नाही. पण मीटिंगमध्ये आता ते सगळ्यांना दिसतं, आणि एका माणसाकडे बघण्याआधी रिपोर्टकडे बघायला लागतं.

दुसऱ्या दिवशी मी प्लँट हेडना मेल लिहिली. 131 मध्ये तिन्ही शिफ्टचे नग आहेत आणि रिवर्कचेही आहेत, सेकंड शिफ्टचे स्क्रॅप नग 27च आहेत, चूक लिंकची आहे आणि लिंक मी केलेली आहे, असं स्पष्ट लिहिलं. मीटिंगमध्ये ‘आतला बरोबर असणार’ हे मी न तपासता बोललो, तेही लिहिलं. मेल सगळ्यांना पाठवली, कारण माझं ते वाक्यही सगळ्यांनी ऐकलं होतं. पुढच्या रिव्ह्यूत विषय दोन मिनिटांत संपला आणि खुलाशाचा कागद परत घेतला गेला.

माझं मात्र तेवढ्यावर भागेना. शिफ्टची चौकट समरीत आल्यापासून या आतल्या रिपोर्टवरून कितीतरी एक्सेल फायली निघाल्या होत्या, आणि त्यांच्यावरून कुणाकुणाला प्रश्न विचारले गेले होते. मी त्या जमतील तेवढ्या गोळा केल्या. एकाही फाईलवर शिफ्ट किंवा निकाल लिहिलेला नाही, नुसत्या नोंदी आणि तळाला बेरीज. त्या वेळी समरीत काय निवडलेलं होतं हे कुणाला आठवत नाही. आज तोच रिपोर्ट चालवून बघावा तर तेही धड होत नाही, कारण रिवर्कला गेलेले काही नग पुढे स्क्रॅप झाले आणि त्यांची नोंद बदलली. ज्या महिन्यांची मीटिंगची टिपणं मिळाली, त्यांत जिथे जिथे एका शिफ्टवर बोट ठेवलं होतं, ते आकडे मी समरीशी ताडून बघितले आणि संबंधित सुपरवायझरांना जाऊन भेटलो. त्यातले एक जण आता कंपनीत नाहीत. त्यांना मी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मी तेव्हाच सांगितलं होतं.”

सांगितलं होतं. मला आठवतं.